चार टक्के म्हणजे कोण

बीडमधल्या आमच्या अभ्यासिकेच्या दारावर गुरुजींनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती : 'मोबाईल बंद. सायलेंट नव्हे, बंद.' आत चाळीसेक मुलंमुली तलाठी, पोलीस भरती आणि राज्यसेवेची पुस्तकं डोळ्यांसमोर धरून बसलेली असत. पंख्याचा आवाज सोडला तर दुसरा आवाज नसे. आणि मी तिथं रोज लॅपटॉप आणि चालू मोबाईल घेऊन बसत होते. त्या मोबाईलचा आवाज पूर्ण वाढवलेला असे.

ही सवलत मिळवायला मला दोन दिवस लागले होते. गुरुजी म्हणजे अभ्यासिकेचे मालक, निवृत्त शिक्षक. पहिल्या दिवशी त्यांनी सरळ सांगितलं, "तुमचं काम घरी करा. हितं अभ्यास चालतो." मी म्हणाले, "घरी लाईट जाते गुरुजी. तुमच्याकडं इन्व्हर्टर आहे, दोन-दोन नेट आहेत, आणि मला ह्या दोन्ही गोष्टी लागतात." ते म्हणाले, "मंग फोन बंद ठेवा." मी म्हणाले, "तो बंद ठेवला तर माझी नोकरी बंद." दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि त्यांना माझं काम समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "महिन्यातला एकच आठवडा ना? मंग ठीक हाय. पण वाजला की उठायचं आन् जिन्यात जायचं. आत एक शब्द बोलायचा न्हाई."

तो एक आठवडा म्हणजे माझा ऑन-कॉलचा आठवडा.

मी ज्या कंपनीत काम करते ती गावोगावच्या छोट्या खासगी दवाखान्यांसाठी ॲम्ब्युलन्स बोलावण्याची यंत्रणा चालवते. रुग्णाच्या घरच्यांना मोबाईलवरच्या ॲपमधून गाडी मागवता येते, नाहीतर साध्या फोनवरून एका नंबरला फोन लावून एक आकडा दाबायचा. मागणी आमच्या सर्व्हरवर नोंदली जाते आणि तिथून जवळच्या ड्रायव्हरला निरोप जातो. ही यंत्रणा बिघडली की आधी एका माणसाचा फोन कर्कश वाजतो. तो माणूस म्हणजे त्या आठवड्याचा ऑन-कॉल इंजिनिअर. फोन वाजल्यापासून पाच मिनिटांत त्यानं 'ॲक्नॉलेज'चं बटण दाबायचं. त्या बटणाचा अर्थ 'दुरुस्त झालं' असा नसतो. त्याचा अर्थ, 'कळलं, हे आता माझ्याकडं आहे.' पाच मिनिटांत दाबलं नाही तर दुसऱ्या नंबरच्या माणसाचा फोन वाजतो, तोही गप्प राहिला तर मॅनेजरचा.

बीडला आल्यावर माझं नाव ह्या यादीतून काढलं होतं. आई उसाच्या ट्रॅक्टरवरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं, म्हणून मी पुण्यातली खोली सोडून आले होते. आम्ही पालीजवळच्या वाडीतले. आईबाप दरसाल कोयता घेऊन ऊस तोडायला कारखान्याला जायचे आणि मी वसतिगृहात राहून शिकले. आईला आता वाडीत एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून बीडमध्ये बसस्टँडच्या मागं दोन खोल्या घेतल्या. कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली, पण ऑन-कॉलच्या यादीत माझ्या नावापुढं रेघ.

मी मॅनेजरांना विचारलं, "सर, माझं नाव का नाही?"

"अगं, तुझ्या सोयीसाठीच. तिकडे लाईटचा प्रॉब्लेम, नेटचा प्रॉब्लेम. कशाला उगाच ताण?"

सोय हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. वसतिगृहात जेवायला शेवटच्या पंगतीला बसवायचे तेही सोयीसाठीच. मी त्यांना सांगितलं, "ताण मला घेऊ द्या. लाईट आणि नेटचं मी बघते." मग अभ्यासिका शोधली. दोन्ही नेटचा वेग आठवडाभर मोजला, त्याचे फोटो काढले आणि सगळ्यांना दिसेल अशा मेलवर पाठवले. खाली एकच ओळ लिहिली : 'आता कारण सांगा.' कारण आलं नाही. पुढच्या महिन्याच्या यादीत नाव आलं.

ही गोष्ट त्या पहिल्याच आठवड्यातली, बुधवारची. सकाळचे अकरा वाजून सात मिनिटं झाली होती.

फोन वाजला तो आवाज असा की चाळीसच्या चाळीस माना वर आल्या. समोरची मुलगी दचकली आणि तिच्या हातातली पेन्सिल खाली पडली. मी बटण दाबलं, आवाज थांबला. एका हातात लॅपटॉप, दुसऱ्यात फोन, अशी जिन्यात आले आणि पायरीवर बसले. पुण्यात असताना मी हे कितीतरी वेळा केलं होतं, पण तिथं शेजारच्या टेबलावर कुणीतरी असायचं. इथं समोर भिंत होती आणि तिच्यावर कोचिंग क्लासची जाहिरात.

पहिलं काम : नुसतं वाचायचं. घाईत काहीही करायचं नाही, आधी अलर्ट पूर्ण वाचायचा. अलर्टमध्ये लिहिलं होतं की पंधरा मिनिटांपासून सर्व्हरवर येणाऱ्या संदेशांपैकी चार टक्के संदेश अयशस्वी होत आहेत. पातळी : सेव्ह-टू.

'सेव्ह' म्हणजे सिव्हिअरिटी, बिघाडाची तीव्रता; तिच्या आमच्याकडं तीन पातळ्या आहेत. सेव्ह-थ्री म्हणजे किरकोळ. काम चालू आहे, एखादी गोष्ट नीट दिसत नाही, ऑफिसच्या वेळेत बघू. सेव्ह-टू म्हणजे एखादा मोठा भाग अडखळतोय, ऑन-कॉलवाल्यानं आत्ता बघायला पाहिजे. आणि सेव्ह-वन म्हणजे लोकांना गाडी मिळत नाहीये. सेव्ह-वन लावलं की झोपलेल्याला उठवायचं, जेवणाऱ्याला ताटावरून उठवायचं, सगळ्या दवाखान्यांना आपोआप निरोप जातो आणि कंपनीच्या प्रमुखांपर्यंत सगळ्यांचे फोन वाजतात. अलर्ट जी पातळी सांगतो तो यंत्राचा अंदाज असतो. खरी पातळी माणसानं ठरवायची.

दुसरं काम : हे खरं आहे का ते बघायचं. कधीकधी अलर्टच चुकीचा असतो. मी आलेख उघडला. दहा वाजून बावन्न मिनिटांपर्यंत रेघ जमिनीला टेकलेली आणि तिथून पुढं एकदम पायरीसारखी वर. खरं होतं.

तिसरं : कुणाला त्रास होतोय? आकडा एकच असला की तो फसवतो. मी ते अपयशी संदेश मार्गाप्रमाणं वेगळे केले. ॲपवरून आलेल्या मागण्या : अपयश शून्य. गाड्या आपलं ठिकाण कळवतात ते संदेश : शून्य. साध्या फोनवरून आलेल्या मागण्या : शंभरातले शंभर अपयशी.

मी तो आकडा पुन्हा वाचला. आमच्या सर्व्हरवर गाड्या दर काही मिनिटांनी आपला पत्ता कळवत असतात, त्यामुळं संदेशांचा ढीग मोठा असतो. त्या ढिगात फोनवाल्यांचा वाटा जेमतेम चार टक्के. म्हणजे हे चार टक्के इकडून तिकडून गळलेले नव्हते. फोनवरून गाडी मागवणारा प्रत्येक माणूस त्यांत होता, एकही सुटला नव्हता.

"आवो मॅडम!" वरून आवाज आला. गुरुजी जिन्याच्या तोंडाशी उभे होते. "काय आवाज हाय का भोंगा? पोरी घाबरल्या आत."

"गुरुजी, थांबा."

"थांबा कावून? आपलं ठरलं व्हतं..."

"जिन्यातच आहे ना मी? थांबा म्हणलं ना!"

दोन पिढ्यांना शिकवलेल्या माणसाशी मी अशी बोलले. ते तिथंच उभे राहिले. मी पर्समधून आईचा जुना कीपॅडचा फोन काढला. माझ्या नावावरचा तो नंबर आम्ही चाचणीसाठी नोंदवलेला होता. त्यावरून मागणी केली तर खरी गाडी निघत नाही, फक्त नोंद होते. आमच्या नंबरला फोन लावला. बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज आला, 'ॲम्ब्युलन्ससाठी एक दाबा.' एक दाबला. आवाज म्हणाला, 'आपली मागणी नोंदवली आहे. गाडी लवकरच पोहोचेल. कृपया फोन चालू ठेवा.'

लॅपटॉपवर नोंद बघितली. काहीच नव्हतं. मिनिटभर थांबून पुन्हा बघितलं. नव्हतंच.

फोन लागला नसता तर माणूस दुसरीकडं फोन लावतो, जीप बघतो, शेजाऱ्याची मोटरसायकल काढतो. इथं त्याला सांगितलं जात होतं की गाडी येतेय. तो वाट बघत बसणार होता. आमची यंत्रणा नुसती बंद नव्हती, खोटं बोलत होती.

आणि जानेवारी चालू होता. उसाचा हंगाम. साध्या फोनवरून गाडी कोण बोलावतं ते मला आलेखावर बघायची गरज नव्हती. फडात ज्या टोळ्या उतरलेल्या असतात त्यांच्याकडं टचचा फोन असला तरी दुपारपर्यंत त्याची चार्जिंग संपलेली असते. चालतो तो मुकादमाचा कीपॅडवाला. आई पडली तेव्हा तिला चार तास कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, चटईवर ठेवलं होतं, कारण गाडी कुणाला आणि कशी बोलवायची हे त्या फडात कुणालाच माहीत नव्हतं. आमची यंत्रणा तेव्हा त्या भागात पोहोचलेली नव्हती. पण चार तास म्हणजे किती, हे मला आईनं सांगितलेलं आहे.

एवढ्यात मॅनेजरांचा फोन आला. ते अलर्टच्या ग्रुपवर लक्ष ठेवून होते.

"काय झालंय?"

"फोनवरून येणारी एकही मागणी नोंदली जात नाहीये सर. दहा बावन्नपासून. मी स्वतः फोन लावून बघितला."

"मी पण डॅशबोर्ड बघतोय. चार टक्के एरर आहे."

"ते चार टक्के म्हणजे फोनवाले सगळेच आहेत."

"हो, पण शेवटी चारच टक्के ना? सेव्ह-थ्री कर. रिलीजवाले दुपारी बघतील."

"मी सेव्ह-वन लावतेय."

मग त्यांचा आवाज खाली आला. "ऐक. मोठ्या हॉस्पिटल ग्रुपचे लोक आलेत, पावणेबारापर्यंत जातील. समोर भिंतीवर आपला स्टेटस स्क्रीन लावलाय. सेव्ह-वन लावलंस तर तो लाल होणार आणि सगळ्या हॉस्पिटलना मेल जाणार. अर्धा तास थांब. मी सांगतो तेव्हा लाव."

"अर्ध्या तासात जे फोन लावतील त्यांना आपण गाडी येतेय म्हणून सांगणार. गाडी येणार नाही."

"हा निर्णय तुझा नाही."

मी खोटं सांगणार नाही, त्या वाक्यानं मी हलले. नोकरी गेली तर दोन खोल्या, आईचं औषधपाणी, सगळं डोळ्यांसमोर आलं. पण त्याचबरोबर तो रेकॉर्ड केलेला आवाजही कानात होता. कृपया फोन चालू ठेवा.

"आजचा आहे सर," मी म्हणाले. "ह्या आठवड्यात फोन माझ्याकडं आहे. यादीत नाव माझं आहे. मला काढायचं असेल तर आत्ता काढा, लेखी काढा, आणि ऑन-कॉल तुम्ही घ्या. नाहीतर मला काम करू द्या."

त्यांनी फोन ठेवला. यादीतून काढल्याचा निरोप काही आला नाही. अकरा वाजून चौदा मिनिटांनी मी सेव्ह-वन लावलं.

ते लावायचं म्हणजे ग्रुपवर एक ओळ टाकायची असते. ती ओळ गेली की या बिघाडापुरता वेगळा ग्रुप आपोआप उघडतो आणि लोक येऊ लागतात. मी तिथं पहिला निरोप लिहिला. काय होतंय : फोनवरच्या मागण्या नोंदल्या जात नाहीत, पण फोन करणाऱ्याला 'नोंदवली' असं ऐकू येतं. कुणाला : साध्या फोनवरून मागवणाऱ्या सगळ्यांना. ॲप ठीक आहे. केव्हापासून : दहा बावन्न. कारण : अजून माहीत नाही. पुढची खबर : पंधरा मिनिटांत. सूत्रं माझ्याकडं आहेत.

ही शेवटची ओळ मी मुद्दाम लिहिली. दहा माणसं जमली आणि कुणाच्या हातात सूत्रं आहेत तेच माहीत नसलं की दहाही जण एकच दोरी ओढतात.

दुसऱ्या नंबरला सांगलीचा एक सहकारी होता. तो लगेच आला. मी त्याला फोनवर घेतलं.

"दहा बावन्नच्या आसपास काय बदललं ते बघ."

"दहा पन्नासला एक रिलीज गेलंय, नवी आवृत्ती," तो म्हणाला. "फोन नंबर तपासायचा भाग नव्यानं लिहिलाय."

"त्यात डेटाबेसला हात लावलाय का?"

"नाही. नुसता कोड."

"मग मागं घे. जुनी आवृत्ती चढव."

"आधी चूक कुठंय ते शोधू का? मला वाटतं पाच मिनिटांत सापडेल."

"शोधायचं नंतर. आधी मागं घे."

हा मोह मला माहीत आहे. इंजिनिअरला चूक शोधण्यात गंमत वाटते. पण घराला आग लागल्यावर ती कशानं लागली याचा पंचनामा करत बसत नाहीत, आधी पाणी ओततात. रिलीज मागं घेऊन नुकसान थांबणार असेल तर आधी तेच. त्यानं मागं घ्यायला सुरुवात केली.

मी स्वतः कोडला हात लावला नाही. सूत्रं ज्याच्याकडं असतात त्यानं खाली वाकायचं नसतं, नाहीतर बघणारं कुणीच उरत नाही. मी पुढचा फोन सपोर्टच्या ताईंना लावला. त्या पुण्यात बसतात आणि दवाखान्यांशी त्याच बोलतात.

"ताई, आपली फोन लाईन ज्या टेलिफोन कंपनीची आहे, त्यांच्याकडं दहा बावन्नपासूनच्या सगळ्या फोनची यादी असेल. नंबर मागवा. आपल्याकडं नोंद नाही पण त्यांच्याकडं असणार."

"आणि?"

"आणि एकेकाला परत फोन लावा. गाडी लागते का विचारा, लागत असेल तर हातानं नोंद करून पाठवा. आणि त्या रेकॉर्ड केलेल्या बाईला गप्प करता येत असेल तर तेही करायला सांगा. तोवर फोन थेट तुमच्या टेबलावर येऊ द्या."

"आम्ही पाचच जणी आहोत गं."

"पाच पुष्कळ आहेत. लागा."

गुरुजी अजून जिन्याच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आतली दोन पोरं चहाला जायची म्हणून जिन्याकडं आली, तर त्यांनी हात आडवा केला. "मागल्या जिन्यानं जा बे. हितं काम चालू हाय." मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "कुणी मेलंबिलं का?"

"माहीत नाही गुरुजी."

ते खरंच होतं. त्या क्षणी ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्या पंधरा मिनिटांतलं सगळ्यात जड काय असेल तर तेच. तुम्ही हातातलं काम करत राहता आणि मागं कुठंतरी कुणीतरी रस्त्याकडं डोळे लावून बसलेलं असतं.

अकरा बावीसला सहकारी म्हणाला, "झालं. जुनी आवृत्ती चढली."

आलेखाची रेघ खाली येऊ लागली होती. पण मी तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. कीपॅडचा फोन पुन्हा काढला, नंबर लावला, एक दाबला. लॅपटॉपवर नोंद आली : माझा नंबर, वेळ, ठिकाण. पुन्हा एकदा लावला. पुन्हा आली. मग ग्रुपवर लिहिलं : मागण्या नोंदल्या जात आहेत. सेव्ह-वन अजून बंद करत नाही, अर्धा तास लक्ष ठेवतोय. अडकलेल्या लोकांना परत फोन चालू आहेत.

ताईंच्या यादीत सतरा नंबर आले. ती यादी मी आजही सांगू शकते. सहा जणांनी चाचपणीसाठी किंवा चुकून फोन लावलेला. पाच जणांनी वाट बघून आपापली सोय केलेली. त्यांतल्याच एका बाळंतिणीला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं होतं, ती नीट होती. पाच जण अजून वाट बघत होते. त्यांत एक म्हातारा बाजेवर रस्त्याच्या कडेला आणून ठेवलेला, छातीत दुखत होतं त्याच्या. त्याच्या मुलानं ताईंना विचारलं, "आवो, गाडी निघाली म्हणले व्हते, कुठवर आली?" ताईंनी त्याला सांगितलं की ती निघालीच नव्हती, आता निघतेय. तो शिव्या देत सुटला. ताईंनी ऐकून घेतल्या आणि गाडी पाठवली. अठ्ठावीस मिनिटं उशिरा पोहोचली, पण पोहोचली आणि म्हातारा वाचला.

सतरावा नंबर बंद होता. ताईंनी त्या दिवशी नऊ वेळा लावला. दुसऱ्या दिवशीही लावला. तो कधीच लागला नाही. तिथं काय झालं ते आम्हाला कळलं नाही आणि आता कळणारही नाही.

चूक नंतर सापडली, अगदी छोटी. टेलिफोन कंपनी नंबराच्या आधी शून्य लावून पाठवायची. नव्या कोडला ते शून्य समजत नव्हतं आणि तो तिथंच कोसळत होता. लिहिणाऱ्यानं ॲपवर सगळं तपासलं होतं. साध्या फोनवरून कुणी तपासलंच नव्हतं, कारण ऑफिसात कुणाकडं साधा फोन नव्हता.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा आई वॉकर धरून दारापर्यंत आलेली. माझं तोंड बघून म्हणाली, "काय गं, लई भांडून आल्यावानी दिसतीस?"

"भांडलेच."

"कुणासंगं?"

"साहेबासंगं."

तिनं विचार केला. "जिकलीस का?"

"न्हाई माहीत अजून."

"मंग जेव आधी," ती म्हणाली. "उपाशीपोटी भांडू नये."

तीन दिवसांनी आढावा बैठक झाली. आमच्याकडं मोठ्या बिघाडानंतर ती होतेच. कुणाला दोष द्यायचा नाही, काय घडलं ते क्रमानं मांडायचं, असा तिचा नियम. मी पुन्हा त्याच जिन्यात बसून व्हिडिओवर हजर राहिले. कंपनीच्या प्रमुख बाईही होत्या. मॅनेजरांनी सुरुवातीलाच मांडलं, "रिस्पॉन्स चांगला झाला, पण पातळी ठरवताना प्रक्रिया पाळली गेली नाही. माझ्या संमतीशिवाय सेव्ह-वन लावलं गेलं. क्लायंटसमोर लाल स्क्रीन गेला."

मी कंपनीचंच ऑन-कॉलचं पान उघडून ठेवलं होतं. ते वाचून दाखवलं. पातळी ऑन-कॉल इंजिनिअरनं ठरवायची, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. शंका असेल तर वरची पातळी लावा, नंतर खाली आणता येते. "हे पान मी लिहिलेलं नाही," मी म्हणाले. "सर, खाली तुमचं नाव आहे. ते तुम्ही लिहिलंय."

प्रमुख बाईंनी माझी बाजूही घेतली नाही आणि त्यांचीही नाही. त्या म्हणाल्या, "मला एक सांगा. फोनवाल्यांचं शंभर टक्के बंद होतं, तर अलर्टनं चार टक्के का सांगितलं?" मग तासभर त्यावरच बोलणं झालं. ठरलं ते असं, की फोनच्या मार्गाला स्वतःचा वेगळा अलर्ट, दोन मिनिटांत वाजणारा, आणि थेट सेव्ह-वन. कोणतंही रिलीज साध्या फोनवरून तपासल्याशिवाय जाणार नाही. आणि नोंद झाल्याशिवाय तो रेकॉर्ड केलेला आवाज 'नोंदवली' म्हणणार नाही.

त्या संध्याकाळी मॅनेजरांचा मेल आला. 'तू खूप ताण घेतलास. पुढचे दोन महिने ऑन-कॉलमधून विश्रांती घे. तुझ्या सोयीसाठी.'

मी त्याला उत्तर दिलं, बैठकीतल्या सगळ्यांना जाईल असं. 'विश्रांती नको. माझा आठवडा माझ्याकडंच राहू द्या. तो काढायचा असेल तर मी काय चुकले ते इथं, सगळ्यांसमोर लिहा.' तिसऱ्या दिवशी पुढच्या महिन्याची यादी लागली. तिसऱ्या आठवड्यापुढं माझं नाव होतं. मॅनेजर मला कधीही म्हणाले नाहीत की तू बरोबर होतीस. मी त्याची वाटही बघितली नाही.

त्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी पावणेचारला फोन वाजला. सर्व्हरची एक डिस्क भरत आली होती. मी बटण दाबलं, जिन्यात गेले, वाचलं, आलेख बघितला. मागण्या नोंदल्या जात होत्या, गाड्या निघत होत्या. नको असलेल्या जुन्या फाइली हटवल्या तर दोन दिवस पुरेल एवढी जागा होत होती.

मॅनेजरांचा फोन आलाच. आवाजात काळजी होती, आणि थोडा टोमणाही.

"काय, सेव्ह-वन का?"

"नाही सर. सेव्ह-थ्री. कुणालाही त्रास नाही. उद्या सकाळी नीट करते, कामाचं तिकीट टाकलंय."

"नक्की?"

"नक्की. थ्री असलं की मी थ्रीच म्हणते," मी म्हणाले. "आणि वन असलं की वन."

मी फोन ठेवला आणि आत जाऊन बसले.